८.९७ टक्के कूपनचा रोखा साडेसहा टक्केच का देतो?

*प्रश्न: आरबीआय रिटेल डायरेक्टवर २०३० साली संपणारे दोन सरकारी रोखे बघतोय. एकाचं कूपन ५.८५, भाव ९७.२६. दुसऱ्याचं कूपन ८.९७, भाव ११०.४०. दोन्हींसमोर यील्ड ६.५० दिसतं. ८.९७ वाला दर सहामाहीला कितीतरी जास्त पैसे देतो, मग दोन्ही सारखे कसे? मला नक्की किती टक्के मिळणार? मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे आणि पाच वर्षं हे पैसे लागणार नाहीत.*

८.९७ च्या रोख्यातून दर सहा महिन्यांनी खात्यात जी रक्कम येते, ती सगळी व्याज नसते. तिच्यातला एक भाग तुमचंच मुद्दल असतं, जे तुम्ही खरेदीच्या दिवशी शंभराच्या, म्हणजे मुदतीअखेर परत मिळणाऱ्या दर्शनी मूल्याच्या, वर मोजलेलं असतं. ५.८५ च्या रोख्यात याच्या उलट घडतं. तुमच्या कमाईचा थोडा भाग तुम्हाला दर सहामाहीला मिळत नाही, तो साठत जातो आणि शेवटी एकदम हातात येतो. कूपनकडे, म्हणजे दर्शनी मूल्यावर ठरलेल्या व्याजदराकडे, बघून हे दिसत नाही, म्हणून गोंधळ होतो.

हे दोन रोखे समजून घ्यायला फार चांगली जोडी आहेत. ५.८५ वाला १ डिसेंबर २०३० ला संपतो आणि ८.९७ वाला ५ डिसेंबर २०३० ला. देणारं सरकार एकच आणि मुदतीत फरक फक्त चार दिवसांचा. तरी कूपनमध्ये तीन टक्क्यांहून जास्त अंतर आहे, ते केवळ जन्मवेळेमुळे. ८.९७ वाला डिसेंबर २०११ मध्ये निघाला, तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ८.५० टक्के होता. ५.८५ वाला डिसेंबर २०२० मध्ये निघाला, तेव्हा कोविडमुळे रेपो ४ टक्क्यांवर आणलेला होता. लिलावाच्या दिवशी बाजारात जो दर चालू असतो त्याच्या आसपास कूपन ठरतं आणि मग मुदत संपेपर्यंत गोठून राहतं. त्यामुळे कूपनवरून तुम्हाला रोख्याचा इतिहास कळतो, आज तुम्हाला काय मिळणार ते कळत नाही. बाजार बदलला की रोख्यात बदलू शकणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे भाव. म्हणून सगळा हिशेब भावातूनच जुळवला जातो.

आता तुम्ही दिलेलेच भाव धरून आकडे मांडू. सोपं व्हावं म्हणून समजा, प्रत्येक रोखा डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या कूपनच्याच तारखेला तुमच्या नावावर आला. म्हणजे नेमकी पाच वर्षं आणि सहामाही कूपनचे दहा हप्ते शिल्लक. दर्शनी मूल्य दोन्हीकडे एक लाख धरू.

८.९७ साठी तुम्ही १,१०,४०० रुपये मोजले. यील्ड वर्षाला ६.५० म्हणजे सहामाहीला ३.२५ टक्के. १,१०,४०० वर ३.२५ टक्क्यांनी पहिल्या सहामाहीचं खरं व्याज झालं ३,५८८ रुपये. पण कूपन दर्शनी मूल्यावर मोजतात, त्यामुळे खात्यात आले ४,४८५. वरचे ८९७ रुपये तुमचं मुद्दल परत आलं. आता रोख्यात तुमचे १,०९,५०३ रुपये उरले. दुसऱ्या सहामाहीत त्यांच्यावर ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ३,५५९ व्याज, उरलेले ९२६ पुन्हा मुद्दल. असं दहा वेळा झालं की रोख्यातली रक्कम बरोबर एक लाखावर येऊन ठेपते, आणि सरकार तेवढेच परत करतं. जास्तीचे १०,४०० बुडालेले नसतात. ते दहा हप्त्यांतून कूपनच्या वेषात तुमच्याकडे आलेले असतात. ते व्याज समजून खर्च केले, तर मात्र पाच वर्षांनी मुद्दल कमी भरल्याचं लक्षात येतं. निवृत्त माणसांच्या बाबतीत हा धोका खरा आहे, कारण मोठं कूपन पाहून ते घरखर्चाचं गणित बसवतात.

५.८५ साठी मोजले ९७,२६०. पहिल्या सहामाहीची कमाई ३.२५ टक्क्यांनी ३,१६१ रुपये, हातात आले २,९२५. बाकीचे २३६ रुपये रोख्यातच राहिले आणि तुमची गुंतलेली रक्कम ९७,४९६ झाली. पुढच्या वेळी व्याज या वाढलेल्या रकमेवर धरायचं. दहाव्या हप्त्यापर्यंत ती हळूहळू चढत एक लाखाला पोचते.

म्हणजे दोन्हीकडे, रोख्यात जितके पैसे त्या त्या वेळी गुंतलेले आहेत तितक्यांवर तुम्हाला सहामाहीला ३.२५ टक्केच मिळतात. ज्या एकाच दराने हा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत जुळतो, त्या दराला यील्ड टू मॅच्युरिटी म्हणजे वायटीएम म्हणतात. पुस्तकी व्याख्या दुसऱ्या टोकाने येते: पुढे येणारी प्रत्येक रक्कम ज्या दराने आजच्या किमतीत आणली की बेरीज तुम्ही मोजलेल्या भावाइतकी होते, तो दर. गोष्ट तीच आहे.

काही जण ८.९७ ला ११०.४० ने भागून ८.१२ टक्के काढतात आणि तोच परतावा सांगतात. त्याला करंट यील्ड म्हणतात. मोजलेल्या पैशाच्या मानाने वर्षभरात रोख किती हातात येईल, एवढंच त्यातून कळतं. शेवटी शंभरच मिळणार हे त्या आकड्यात कुठेच धरलेलं नाही. विक्रेता जेव्हा प्रीमियमवरच्या, म्हणजे शंभराहून महाग रोख्याचा फक्त करंट यील्ड पुढे करतो, तेव्हा वायटीएम विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदावर पटकन ताळा करायचा असेल तर ११०.४० मधून १०० वजा करा. १०.४० चा तोटा पाच वर्षांत वाटला की वर्षाला २.०८. कूपन ८.९७ मधून तो वजा केला की ६.८९ उरतात. त्याला भाव आणि शंभर यांच्या सरासरीने, म्हणजे १०५.२० ने भागा: ६.५५ टक्के. ५.८५ साठी २.७४ चा फायदा पाचात वाटून ०.५५ मिळवायचे, ६.४० ला ९८.६३ ने भागायचं: ६.४९ टक्के. नेमका आकडा नव्हे, पण स्क्रीनवर चुकून ८ किंवा ५ दिसत असेल तर लगेच पकडता येतं.

नेमकं काढायचं तर एक्सेलमध्ये हे टाका:

```
=YIELD(DATE(2025,12,1),DATE(2030,12,1),5.85%,97.26,100,2,4)
=YIELD(DATE(2025,12,5),DATE(2030,12,5),8.97%,110.40,100,2,4)
```

पहिली तारीख रोखा तुमच्या नावावर येण्याची, म्हणजे सेटलमेंटची, आणि दुसरी मुदत संपण्याची. शेवटून दुसरा २ म्हणजे वर्षातून दोन कूपन, आणि शेवटचा ४ म्हणजे ३० दिवसांचा महिना व ३६० दिवसांचं वर्ष ही आपल्या सरकारी रोख्यांची दिवसमोजणी. भाव नेहमी शंभरामागे लिहायचा, लाखाची रक्कम टाकायची नाही.

इथे एक चूक हमखास होते. खरेदी कूपनच्या तारखेला न होता मधेच होते, तेव्हा मागच्या कूपनपासूनचं साचलेलं व्याज तुम्हाला विकणाऱ्याला द्यावं लागतं. समजा ५.८५ वाला रोखा १६ फेब्रुवारी २०२६ ला सेटल झाला. १ डिसेंबरपासून या मोजणीने ७५ दिवस झाले. ५.८५ गुणिले ७५ भागिले ३६०, म्हणजे शंभरामागे सुमारे १.२२, लाखाला १,२१९ रुपये. खात्यातून भाव अधिक हे व्याज अशी रक्कम जाते. काही जण बँक स्टेटमेंटमधली ती एकूण रक्कमच वरच्या सूत्रात टाकतात, मग यील्ड कमी दिसतं आणि फसवणूक झाल्यासारखं वाटतं. सूत्रात फक्त मूळ भाव जातो, ज्याला बाजारात क्लीन प्राइस म्हणतात. साचलेलं व्याज सूत्र स्वतः धरतं. दिलेले १,२१९ पुढच्या १ जूनला पूर्ण कूपनमधून तुमच्याकडे परत येतात.

बँकेच्या एफडीशी तुलना करताना एवढं लक्षात घ्या की रोख्याचं ६.५० हे सहामाही हिशेबाचं आहे. वार्षिक चक्रवाढीने ते ६.६१ होतं. बँका बहुधा तिमाही चक्रवाढ देतात, तिथे ६.५० चे ६.६६ होतात. फरक लहान आहे, पण आहे.

आता तुमच्या "नक्की किती" या शब्दांकडे येऊ. रोख्यात गुंतून राहिलेल्या रकमेवर ६.५० मिळणार हे सरकारी रोख्याबाबत, मुदतीपर्यंत थांबलात तर, ठरलेलं आहे. पण जे पैसे कूपनच्या रूपाने बाहेर आले, त्यांचं तुम्ही काय करता ते वायटीएमला माहीत नसतं. दर कूपन तुम्ही पुन्हा ६.५० नेच गुंतवू शकलात, तर ९७,२६० चे पाच वर्षांनी सुमारे १,३३,९०० होतील आणि १,१०,४०० चे सुमारे १,५२,०००. दोन्हीकडे पैसा सारख्याच पटीने वाढतो. पण समजा दर उतरले आणि कूपनच्या पैशाला सरासरी ४ टक्केच मिळाले. मग ५.८५ वाल्याचा पाच वर्षांचा प्रत्यक्ष परतावा ६.२१ टक्के येतो आणि ८.९७ वाल्याचा ६.१०. मोठ्या कूपनच्या रोख्यातून पैसा लवकर आणि जास्त प्रमाणात बाहेर येतो, म्हणून पुढच्या दरांचा फटका त्याला जास्त बसतो. दर वाढले तर त्याच कारणाने फायदाही त्यालाच जास्त. हा फरक पाच वर्षांत फार नाही. तीस वर्षांच्या रोख्यात मात्र तो खूप मोठा होतो, आणि तिथे वायटीएमला हमी समजणं चुकीचं आहे.

मधेच विकावं लागलं तर वायटीएम लागूच राहत नाही. वर्षभराने बाजारातला दर साडेसात झाला, तर ५.८५ वाल्याचा भाव ९४.३९ च्या आसपास येईल. ५.८५ कूपन मिळालं आणि भावात २.८७ गेले, म्हणजे त्या वर्षाची कमाई जेमतेम ३ टक्के. तुम्हाला पाच वर्षं पैसे लागणार नाहीत म्हणता, तेव्हा हे फक्त माहीत असू द्या. कंपन्यांच्या रोख्यांत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात: कंपनी पैसे देईल का, आणि मुदतीआधी रोखा परत घेण्याचा, म्हणजे कॉलचा हक्क तिने ठेवला आहे का. प्रीमियमवर घेतलेला रोखा कंपनीने लवकर शंभराला परत घेतला, तर तुमचे जास्तीचे पैसे वसूल व्हायच्या आतच हप्ते थांबतात. तिथे वायटीएम नव्हे, कॉलच्या तारखेपर्यंतचं यील्ड बघायचं.

तुमच्या निर्णयात सगळ्यात वजनदार मुद्दा याहून वेगळा आहे, आणि तो आहे कर. वर आपण पाहिलं की ८.९७ च्या ४,४८५ रुपयांत मुद्दल मिसळलेलं आहे. प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र वैयक्तिक गुंतवणूकदारासाठी ते संपूर्ण ४,४८५ व्याजच. सगळ्यावर स्लॅबप्रमाणे कर. मुदत संपताना १,१०,४०० चे एक लाख मिळतात, तो १०,४०० चा दीर्घकालीन भांडवली तोटा ठरतो, आणि तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यासमोरच वळता करता येतो. व्याजासमोर नाही. म्हणजे स्वतःच्या परत आलेल्या मुद्दलावर तुम्ही ३० टक्के कर भरता, आणि बदल्यात तोटा मिळतो तो दुसरीकडे नफा असेल तरच कामाचा.

५.८५ मध्ये उलट होतं. कूपन लहान, त्यामुळे स्लॅबचा कर लहान रकमेवर. शेवटचे २,७४० रुपये भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमांनुसार, बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या सूचीबद्ध रोख्यांवरच्या अशा नफ्याला १२.५ टक्के दर आहे.

३० टक्क्यांवर ४ टक्के उपकर धरून ३१.२ टक्के, आणि नफ्यावर १२.५ चे उपकरासह १३ टक्के, असं धरून करानंतरचं वायटीएम काढलं तर ५.८५ वाल्याचं ४.५८ टक्के येतं. ८.९७ वाल्याचं, तोटा कुठेच वळता झाला नाही तर, ३.८६ टक्के. शेअर किंवा म्युच्युअल फंडातल्या करपात्र दीर्घकालीन नफ्यासमोर तोटा पूर्ण वळता झाला, तरी ४.१० च्या आसपासच. स्क्रीनवर दोन्हींसमोर ६.५० लिहिलेलं असताना तुमच्या हातात अर्ध्या टक्क्यापासून पाऊण टक्क्यापर्यंत फरक पडतो. ज्यांचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे त्यांना हा फरक जवळजवळ लागू नाही. त्यांनी ८.९७ घेतला आणि परत येणारं मुद्दल वेगळं काढून ठेवलं तर काही बिघडत नाही, उलट नियमित रोख जास्त हवी असेल तर तो सोयीचा आहे. तुमच्या स्लॅबमध्ये मात्र मी ५.८५ कडेच बोट दाखवीन. कराचे नियम बदलत असतात, तेव्हा खरेदीच्या वर्षाचे नियम सीएकडून पक्के करून घ्या.

बाजार हा फरक आपोआप का भरून काढत नाही, असं वाटू शकतं. सरकारी रोख्यांचे भाव मुख्यतः बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी ठरवतात. त्यांचा हिशेब आणि कर तुमच्यासारखा नसतो. बँक तर मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यावरचा प्रीमियम दरवर्षी थोडा थोडा खर्ची टाकते, म्हणजे आपण वर केला तोच हिशेब तिच्या वह्यांत असतो. त्यांना ६.५० आणि ६.५० सारखेच.

खरेदी करताना आणखी एक बघा. ८.९७ सारख्या जुन्या रोख्यात व्यवहार फार थोडे होतात, त्यामुळे समोर दिसणारा भाव मागच्या एखाद्या सौद्याचा असू शकतो. विकणाऱ्याने आत्ता काय भाव लावला आहे आणि किती रकमेसाठी, ते पाहून वरच्या सूत्रात तोच भाव टाका. रिटेल डायरेक्टवर किमान दर्शनी मूल्य १०,००० आहे, पण लहान रकमेला मिळणारा भाव मोठ्या सौद्यांपेक्षा महाग असू शकतो. पाच वर्षांच्या रोख्यात शंभरामागे एक रुपया जास्त गेला, की यील्ड साधारण पाव टक्क्याने उतरतं.

आणि तरीही ८.९७ च घ्यावासा वाटत असेल, तर तुमच्या स्लॅबच्या माणसाला तो कोणत्या भावाला परवडेल तेही काढता येतं. तोटा वळता होणार नाही असं धरलं, तर करानंतर ४.५८ टक्के हाती यायला भाव १०७ च्या जवळ हवा. त्या भावाला स्क्रीनवर यील्ड सुमारे ७.२७ दिसेल. ११०.४० ला तो तुमच्यासाठी महाग आहे.